प्रकल्प नोंदी: ‘ने’ आणि ‘ला’ यांच्या मध्ये अडकलेले शोधसूत्र

३ जून

आज आमच्या संशोधन-आढाव्याचा प्रश्न पक्का झाला. तीन आठवडे आम्ही ‘शिक्षकांच्या फीडबॅकवर आढावा करायचा’ एवढंच म्हणत होतो, आणि तो प्रश्न नव्हता, नुसता विषय होता. आता लिहून काढलंय: शाळेतले शिक्षक विद्यार्थ्यांच्या कामावर आणि उत्तरांवर प्रत्यक्षात कशा प्रकारे प्रत्याभरण, म्हणजे फीडबॅक, देतात, आणि ते संशोधकांनी कशावरून टिपलं?

यात ‘परिणाम’ मुद्दाम नाही. परिणामावर काम भरपूर झालंय. क्लुगर आणि डीनिसी यांनी १९९६ मध्ये ६०७ परिणाममूल्यं एकत्र केली, तेव्हा त्यातल्या एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी फीडबॅकनंतर कामगिरी घसरलेली दिसली होती. हॅटी आणि टिंपर्ली यांचा २००७ चा लेख तर या क्षेत्रात सगळ्यांनाच माहीत आहे. वर्गात रोज काय घडतं, हा प्रश्न त्या मानाने विखुरलेला राहिला आहे.

प्रश्नात परिणाम नसल्यामुळे वैद्यकीय आढाव्यांतली ठरलेली चौकट, म्हणजे रुग्णगट, उपचार, तुलना आणि निष्पत्ती, इथे बसत नाही. तुलनेचा रकाना रिकामाच राहतो. मी तो भरायचा प्रयत्न केला आणि दोन तास वाया घालवले. शेवटी कोण, कोणती कृती, कोणत्या संदर्भात, एवढे तीनच रकाने ठेवले.

५ जून

शोधसूत्र, म्हणजे डेटाबेसमध्ये लेख शोधायला टाकायची शब्दरचना, लिहायच्या आधी ओळखीच्या लेखांचा संच तयार केला. आमच्या प्रश्नात निर्विवाद बसतात असे १८ लेख निवडले. काही आधीच्या आढाव्यांच्या संदर्भयाद्यांतले, काही सहकाऱ्याने पीएचडीच्या वेळी वाचलेले. त्यातले १२ सूत्र घडवायला वापरायचे. उरलेले ६ सहकाऱ्याने स्वतःकडे ठेवलेत. शेवटच्या चाचणीपर्यंत त्यांची शीर्षकंही मी पाहायची नाहीत, असं ठरलंय.

हे जरा नाटकी वाटतं, पण कारण साधं आहे. ज्या लेखांकडे बघून सूत्र लिहिलं, ते लेख त्या सूत्राने सापडणारच. त्यावरून सूत्र चांगलं आहे असं म्हणणं म्हणजे उत्तरपत्रिका समोर ठेवून परीक्षा देणं. न पाहिलेले ६ सापडले तरच काही कळेल.

१८ लेख एकाच गटाकडून आले तर सगळ्यांची शब्दावलीही एकच असेल, म्हणून सहकाऱ्याला जाणूनबुजून वेगवेगळ्या उपक्षेत्रांतले निवडायला सांगितलं होतं. त्याने ते मनावर घेतलंय, असं त्याच्या हसण्यावरून वाटतं.

८ जून

पहिलं कच्चं सूत्र चालवलं. शीर्षक, सारांश आणि कळशब्दांत `"teacher feedback"`. पहिल्या पन्नास नोंदी डोळ्यांखालून घातल्या आणि लक्षात आलं की यातल्या बऱ्याच लेखांत प्रत्याभरण उलट्या दिशेने वाहतंय. मुख्याध्यापकांनी शिक्षकांना दिलेलं, वर्गनिरीक्षणानंतर प्रशिक्षकांनी दिलेलं, विद्यार्थ्यांनी प्रश्नावलीतून शिक्षकांबद्दल नोंदवलेलं.

मराठीत हे काम विभक्ती करते. शिक्षकांनी दिलेलं आणि शिक्षकांना दिलेलं, यांत एका अक्षराचा फरक आहे, पण घोटाळा होत नाही. इंग्रजीत दोन नामं शेजारी ठेवली की प्रत्यय गळून पडतो, आणि डेटाबेसला तर फक्त शेजार कळतो, नातं कळत नाही.

हा घोळ मोठ्या सर्वेक्षणांतही आहे. ओईसीडी या संस्थेच्या शिक्षकांवरच्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात, म्हणजे टॅलिसमध्ये, फीडबॅक म्हणजे शिक्षकाला स्वतःच्या अध्यापनाबद्दल मिळणारा संवाद. त्याच ओईसीडीच्या पिसा सर्वेक्षणात २०१५ साली विद्यार्थ्यांना विचारलं होतं की शिक्षक तुम्हाला तुमच्या जमेच्या बाजू किती वेळा सांगतात. एकच संस्था, एकच शब्द, दिशा दोन.

सहकाऱ्याने सुचवलं की `principal`, `coaching`, `appraisal` हे शब्द `NOT` लावून काढून टाकू. मी आज तरी नाही म्हटलं. कारण १२ जूनच्या नोंदीत.

१० जून

आजची चूक पूर्ण माझी, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन शब्द एकमेकांच्या जवळ असावेत, पण चिकटूनच असायला नकोत, यासाठी सान्निध्याचं चिन्ह वापरतात. स्कोपस या डेटाबेसवर मी असं लिहिलं होतं:

```
TITLE-ABS-KEY ( feedback W/3 teacher* )
```

छान चाललं. मग एब्स्को या शोधमंचावरून एरिक हा शिक्षणविषयक डेटाबेस उघडला आणि तेच सूत्र तिथल्या पद्धतीने, म्हणजे तिरकी रेघ काढून, टाकलं:

```
AB ( feedback W3 teacher* )
```

कुठलीही तक्रार न येता निकाल आले. तेही दिसायला ठीकठाक. पण १२ पैकी फक्त ५ ओळखीचे लेख त्यात होते. ते सगळे एरिकमध्ये आहेत हे मी शीर्षक टाकून आधीच तपासलं होतं, त्यामुळे दोष सूत्राचाच. न सापडलेल्या सातांचे सारांश छापून समोर ठेवले आणि दोन्ही शब्दांखाली रेघा मारत गेलो. चौथ्या कागदावर दिसलं. सातही ठिकाणी `teacher` आधी होतं आणि `feedback` नंतर.

स्कोपसमध्ये `W/3` म्हणजे तीन शब्दांच्या आत, क्रम कुठलाही. एब्स्कोमध्ये `W3` म्हणजे तीन शब्दांच्या आत आणि याच क्रमाने. क्रम नको असेल तर तिथे `N3` लिहावं लागतं. म्हणजे माझ्या सूत्राने ‘शिक्षकांकडून मिळालेला फीडबॅक’ अशी रचना पकडली आणि सर्वांत नेहमीची, ‘टीचर फीडबॅक’ हीच जोडी, सोडून दिली. वेब ऑफ सायन्समध्ये त्याच कामाला `NEAR/3` आहे. तीन ठिकाणी तीन चिन्हं, आणि चुकीचं चिन्ह असलं तरी पडदा मुकाट निकाल दाखवतो.

`N3` केल्यावर १२ पैकी ११ आले. बारावा एरिकच्या वर्णकामुळे आला. एरिकचे नोंदणीकार प्रत्येक लेखाला ठरलेल्या शब्दसूचीतले वर्णक लावतात, त्यामुळे लेखकाने कुठलाही शब्द वापरला तरी वर्णक तेच राहतं. आता एरिकचं सूत्र असं आहे:

```
S1  DE "Feedback (Response)" AND teacher*
S2  TI ( teacher* N3 feedback ) OR AB ( teacher* N3 feedback )
S3  S1 OR S2
```

प्रत्येक ओळ आधी वेगळी चालवायची, मगच जोडायची, हे आजपासून नक्की. सगळं एकदम चालवलं असतं तर वर्णकाने चार-पाच लेख ओढून आणले असते आणि `W3` ची चूक झाकली गेली असती.

ताजा कलम: `mark*` आणि `grad*` ही छाटलेली रूपं, म्हणजे तारकेच्या जागी काहीही चालेल अशी, काढून टाकली. पहिल्याने बाजारपेठेवरचे लेख आणले, दुसऱ्याने पदवीधरांचे.

१२ जून

`NOT` चा प्रश्न. ‘सहाध्यायी प्रत्याभरण’ आमच्या आढाव्यात नाही, म्हणून `NOT "peer feedback"` लिहिण्याचा मोह होतो, आणि नोंदींचा ढीग पाहिला की मोह वाढतो. पण शिक्षकांचं प्रत्याभरण आणि वर्गमित्रांचं प्रत्याभरण यांची तुलना करणाऱ्या लेखाच्या सारांशात दोन्ही शब्द येणारच. `NOT` त्याला दारातूनच परत पाठवतं, आणि आपल्याला कधी कळतही नाही. चाळणीत माणसाने नाकारलेला लेख निदान यादीत राहतो, उद्या शंका आली तर परत काढता येतो.

करून पाहिलं. `NOT "peer feedback"` लावल्यावर बारांतले दोन गेले. `NOT coaching` लावल्यावर आणखी एक, कारण त्या लेखातले शिक्षक प्रशिक्षण घेत होते आणि अभ्यास मात्र ते मुलांच्या वह्यांवर काय लिहितात याचा होता. ‘ने’ आणि ‘ला’ दोन्ही एकाच सारांशात.

ग्रंथपाल मॅडमना सूत्र तपासायला दिलं होतं. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला: “दिशा ओळखणं हे वाचणाऱ्याचं काम आहे, ते सूत्रावर ढकलू नका.” मग आम्ही वाटणी केली. विषय आणि कृती सूत्रात. दिशा, इयत्ता आणि पुराव्याचा प्रकार निकषांत. चाळणीचं काम यामुळे वाढणार, ते मान्य.

कालमर्यादेवर थोडा वाद झाला. सरांना ‘गेली दहा वर्षं’ हवी होती. दहाच का, याला दोन्ही हातांची बोटं सोडून उत्तर नव्हतं. १९९८ पासून धरायचं ठरलं. त्या वर्षी ब्लॅक आणि विल्यम यांचा वर्गातल्या मूल्यमापनावरचा आढावा आला आणि त्यानंतर आकारिक मूल्यमापनाची भाषा संशोधनात रुळली.

१७ जून

झाकलेल्या ६ लेखांची चाचणी. ४ सापडले, २ नाहीत.

सहकाऱ्याने ते दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवले तेव्हा त्याचं हसणं कळलं. दोन्ही सारांशांत `feedback` हा शब्दच नाही.

पहिला लेख निबंधलेखनाच्या परंपरेतला. तिथे शिक्षकाने समासात जे लिहिलं त्याला ‘रिस्पॉन्स’ किंवा ‘कॉमेंट’ म्हणतात. नॅन्सी सॉमर्स यांचा १९८२ चा प्रसिद्ध लेखही विद्यार्थ्यांच्या लेखनाला ‘रिस्पॉन्ड’ करण्याबद्दलच आहे. दुसरा लेख वर्गसंवादाच्या अभ्यासातला. सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड यांनी १९७५ मध्ये वर्गातल्या बोलण्याचा तिपेडी सांगाडा मांडला: शिक्षकाची सुरुवात, विद्यार्थ्याचा रिस्पॉन्स, शिक्षकाचा फीडबॅक. पुढे मेहान यांनी १९७९ मध्ये तिसऱ्या पेडाला मूल्यमापन म्हटलं, इतरांनी ‘फॉलो-अप’ किंवा नुसतंच ‘तिसरी पाळी’. शिक्षक “बरं, आणि असं का वाटतं तुला?” म्हणतो, त्याला या परंपरेत कुणी फीडबॅक म्हणतं, कुणी नाही.

गंमत ‘रिस्पॉन्स’ या शब्दाची. लेखनाच्या संशोधनात रिस्पॉन्स शिक्षक देतो, संवादाच्या संशोधनात विद्यार्थी. पुन्हा ‘ने’ आणि ‘ला’चंच भांडण, दुसऱ्या शब्दाच्या अंगणात.

एक ओळ वाढवली आणि आधीच्यांना जोडली:

```
S4  AB ( teacher* N3 (response OR respond OR responding OR
    comments OR commentary OR "follow-up") )
    AND AB ( writing OR essay OR discourse OR interaction )
S5  S3 OR S4
```

`respon*` लिहून मोकळं होता आलं असतं, पण मग शिक्षकांच्या ‘रिस्पॉन्सिबिलिटी’वरचं सगळं वाङ्मय दारात उभं राहिलं असतं. दुसरी अट नसती तर शैक्षणिक धोरणावर शिक्षकांनी दिलेल्या प्रतिक्रियाही आल्या असत्या. काही तरीही येतील.

आता सहाही सापडतात. पण झाकलेला संच आता उघडा झाला, तेव्हा ‘६ पैकी ६’ असं लिहायचं नाही. अहवालात ‘६ पैकी ४, त्यानंतर दुरुस्ती’ असंच जाईल. सरांना हे फारसं रुचलं नाही, पण त्यांनी अडवलंही नाही. सहकारी आणखी ५ नवे लेख शोधून झाकून ठेवणार आहे.

२२ जून

निकषांची पहिली आवृत्ती घेऊन १०० नोंदींची चाचणी-चाळणी केली. मी आणि सहकारी, वेगवेगळे बसून, फक्त शीर्षक आणि सारांश पाहून.

दोघांनी घेतल्या १२, दोघांनी नाकारल्या ७४. फक्त मी घेतल्या ९, फक्त त्याने ५. म्हणजे १०० पैकी ८६ वर एकमत. सहकारी खूश झाला. मी कप्पा, म्हणजे योगायोगाचं एकमत वजा करून उरणारा आकडा, काढला आणि दोघांचेही चेहरे पडले.

एकमताची टक्केवारी फसवते, कारण बहुतेक नोंदी नाकारण्याजोग्याच असतात. मी एकूण २१ घेतल्या, त्याने १७. दोघांनी डोळे मिटून याच प्रमाणात हो-नाही म्हटलं असतं, तरी योगायोगाने ०.२१ × ०.१७ अधिक ०.७९ × ०.८३, म्हणजे सुमारे ०.६९ एवढं एकमत झालंच असतं. मग आमच्या वाचनाने त्यात किती भर घातली?

```
kappa = (0.86 - 0.69) / (1 - 0.69) ≈ 0.55
```

मध्यम. एवढ्यावर हजारो नोंदी चाळायला बसायचं नाही. ०.७ च्या वर गेल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं आधीच लिहून ठेवलं होतं, ते बरं झालं. नाहीतर ०.५५ लाच ‘तसं चांगलंच आहे’ म्हटलं असतं.

२४ जून

मतभेदाच्या १४ नोंदी एकेक करून मोठ्याने वाचल्या. ५ दिशेच्या होत्या, ७ ‘प्रत्यक्ष व्यवहार’ म्हणजे काय यावर अडल्या होत्या, २ निव्वळ नजरचुका.

दिशेचं लवकर मिटलं. आता निकष असा आहे: देणारा शाळेतला शिक्षक, घेणारा विद्यार्थी, आणि आशय विद्यार्थ्याच्या कामाबद्दल. तिन्ही हवेत. एक कोडं राहिलं होतं: पाठ घेणारे अध्यापक-विद्यार्थी. ते वर्गात देतात आणि तासानंतर मार्गदर्शकाकडून घेतात. लेखात त्यांनी मुलांना दिलेलं नोंदवलं असेल तर घ्यायचं, फक्त मार्गदर्शकाचं असेल तर नाही.

दुसऱ्यावर दुपार गेली. नमुना म्हणून एक सारांश: शिक्षकांनी प्रश्नावली भरली, ‘मी नियमितपणे सविस्तर प्रत्याभरण देतो’ यावर बहुतेकांनी सहमती दर्शवली, आणि लेखाने निष्कर्ष काढला की शिक्षकांचा व्यवहार असा आहे. मी घेतला होता, सहकाऱ्याने नाकारला होता. त्याचं म्हणणं: “हा व्यवहार नाही, व्यवहाराबद्दलची समजूत आहे.” माझं म्हणणं, समजूत काढून टाकली तर हातात उरेल काय? शिक्षकांना विचारून केलेलेच अभ्यास सर्वाधिक दिसतात.

मला पटायला वेळ लागला, पण प्रश्न ३ जूनलाच लिहिला होता: ‘प्रत्यक्षात’ आणि ‘कशावरून टिपलं’. प्रश्नावलीतला ‘नेहमी’ आणि वहीतला एकुलता एक ‘छान’ हे एका तक्त्यात शेजारी बसवता येत नाहीत.

ठरलं असं: प्रत्याभरणाचा निदान एक थेट माग लेखात हवा. वर्गनिरीक्षण, ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण, किंवा शिक्षकाचे शेरे असलेलं विद्यार्थ्याचं काम. त्याच्या जोडीला मुलाखती, प्रश्नावल्या असतील तर उत्तमच. फक्त आत्मनिवेदन असेल तर बाहेर, पण वेगळ्या कारणाखाली, म्हणजे पुढे कुणाला तो ढीग तसाच उचलता येईल. विद्यार्थ्यांना काय जाणवलं एवढंच विचारणारे अभ्यासही त्याच ढिगात, पिसावर आधारलेले धरून.

सरांचा आक्षेप होता की आढावा लहान होईल. होईल. ही मर्यादा अहवालात पहिल्याच पानावर जाणार.

उच्च शिक्षण बाहेर. शाळा-महाविद्यालय मिश्र असेल आणि शाळेचे निष्कर्ष वेगळे दिले असतील तरच आत. प्रबंध आत.

२९ जून

नव्या १०० नोंदी, नव्या निकषांनी. दोघांनी घेतल्या १६, नाकारल्या ७८, फक्त मी ४, फक्त त्याने २. कप्पा ०.८१.

यात निकषांइतकाच एका छोट्या नियमाचा वाटा आहे: सारांशात पद्धत स्पष्ट नसेल तर पुढे ढकलायचं, नाकारायचं नाही. पुष्कळ सारांशांत ‘शिक्षकांच्या व्यवहाराचा अभ्यास केला’ एवढंच असतं. निरीक्षण होतं की प्रश्नावली, हे लेख उघडल्यावरच कळतं.

नाकारण्याच्या कारणांना क्रमही दिला: आधी दिशा, मग शाळा, मग थेट माग. आढावे कसे मांडावेत हे सांगणाऱ्या प्रिझ्मा २०२० च्या आकृतीत पूर्ण लेख वाचून वगळलेल्यांची कारणनिहाय संख्या द्यावी लागते. एका लेखाला दोन कारणं लागू असतील आणि आम्ही वेगवेगळी लिहिली, तर आकडे जुळणार नाहीत. पहिलं लागू पडेल ते लिहायचं आणि थांबायचं.

२ जुलै

आराखडा ओएसएफ या खुल्या संशोधन-मंचावर नोंदवला. प्रॉस्परो या आढाव्यांच्या नोंदणीचा विचार सोडून दिला, तिथे आरोग्याशी संबंधित निष्पत्ती लागते.

नवे झाकलेले ५ लेख: ५ पैकी ५. हा आकडा मात्र लिहिता येईल.

४ जुलै

सगळ्या डेटाबेसांवर एकाच दिवशी शोध चालवला. प्रत्येक सूत्र पडद्यावर जसं होतं तसंच, कंस आणि अवतरणांसह, तारीख आणि निकालसंख्येबरोबर फाइलमध्ये चिकटवलं. पुन्हा टंकित केलं नाही. माझ्या हातून `N3` चं `W3` कधी होईल याचा भरवसा नाही.

दुबार नोंदी काढताना शीर्षकं हुबेहूब जुळणाऱ्या पाच जोड्या मी हाताने थांबवल्या. त्यांतल्या तीन खरंच दुबार होत्या. उरलेल्या दोन म्हणजे एकेक प्रबंध आणि त्यावरून त्याच नावाने निघालेला लेख. अभ्यास एकच, पण प्रबंधात वर्गसंवाद अख्खेच्या अख्खे शब्दशः उतरवलेले आहेत आणि लेखात चार ओळी. दोन्ही ठेवले, एकाच अभ्यास-क्रमांकाखाली.

सोमवारी पहिल्या २०० नोंदी. सहकारी शेवटाकडून सुरू करणार म्हणतो. दोघांनी सगळ्याच वाचायच्या असल्यामुळे त्याने काही फरक पडत नाही, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.